श्रावणातली शपथ

बेळगावच्या उद्यमबागेतल्या उद्योजकांनी मॅनेजरांसाठी मानसिक आरोग्याची कार्यशाळा ठेवली होती आणि सुरुवातीचं भाषण माझ्याकडे होतं. फाउंड्रीतले शिफ्ट इनचार्ज, मच्छेकडच्या कारखान्यांतले सुपरवायझर, दोन-तीन बँकांचे शाखाधिकारी, एका साखर कारखान्याचे लेबर ऑफिसर असे सगळे समोर बसले होते. आयोजकांनी विषय दिला होता ‘ताणतणाव’. पण श्रावण लागून तिसरा दिवस होता, आणि श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात माझ्या ओपीडीत कोण येतं ते मी दरवर्षी बघतो. म्हणून तणावावरचं बोलणं दुपारच्या सत्राकडे सरकवलं आणि मी दारूवर बोललो. पिण्याच्या नव्हे, एकदम सोडण्याच्या धोक्यावर.

एका फाउंड्रीतल्या कामगाराची हकिगत सांगितली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले होते. ओतीव भाग घासून साफ करायच्या फेटलिंगला होता, वय चाळिशीचं, कामाला वाघ. रोज संध्याकाळी दोन क्वार्टर, आणि गेल्या वर्षभरात पहाटे पहिल्या शिफ्टला निघण्याआधी एक नव्वदचं टेट्रा पॅक. ते घेतल्याशिवाय हात स्थिर होत नव्हते. त्याचा सुपरवायझर मनानं चांगला माणूस. गटारीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं त्याला देवाच्या फोटोसमोर उभं केलं, भंडारा उचलायला लावला आणि शपथ घ्यायला लावली. सगळ्या शॉपनं टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी दुपारपासून हाताला कंप आणि अंगाला घाम. भट्टीजवळ सगळेच घामेजलेले असतात, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही. रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या, छातीत धडधड, जेवण बंद. तिसऱ्या दिवशी कामावर आला तो जमिनीवरून दिसत नसलेल्या मुंग्या वेचू लागला, इनचार्जला भावाच्या नावानं हाक मारू लागला, आपण गावच्या शेतात आहोत असं म्हणू लागला. कुणी म्हणालं, बाहेरचं झालंय. घरच्यांनी आधी देवर्षीकडे नेलं. संध्याकाळी टेम्पोत दोरीनं बांधून माझ्याकडे आणला तेव्हा अंगात ताप होता आणि नाडी मिनिटाला 130 च्या वर पळत होती.

याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार न मिळाल्यास माणूस यात दगावू शकतो. याचं कारण मी मॅनेजरांना असं सांगितलं. दारू मेंदूला ब्रेक लावते. वर्षानुवर्षं तो ब्रेक दाबलेलाच राहिला की काम चालू ठेवण्यासाठी मेंदू स्वतःचा ॲक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो. चोरला घाट उतरणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरचा पाय तसाच ठेवून ब्रेकवरचा एकदम काढून घेईल, तसं शपथेच्या दिवशी होतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, मळमळ, अस्वस्थपणा सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. भ्रम आणि भास बहुधा दुसऱ्या दिवसानंतर, चौथ्यापर्यंत केव्हाही. म्हणजे शपथेचं कौतुक ओसरतं तेव्हा खरा धोका सुरू होतो, आणि त्या वेळी तो माणूस ग्राइंडरसमोर उभा असतो.

प्रत्येक पिणाऱ्याला हे होत नाही. शनिवारी-रविवारी घेणाऱ्यानं श्रावण पाळला तर बहुधा काही होत नाही. धोका कोणाला, ते ओळखायला मी त्यांना एकच प्रश्न दिला: सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आणि घोट घेतल्यावर थांबतात का? हो असेल, किंवा पूर्वी कधी सोडताना फीट वा भास झाले असतील, तर त्यानं डॉक्टरशिवाय एकदम सोडायची नाही. प्रश्न केबिनचं दार बंद करून विचारायचा, वासाचा उल्लेख न करता, हजेरीपुस्तक टेबलावर न उघडता. चारचौघांत विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं.

साखर कारखान्याचे लेबर ऑफिसर म्हणाले, “मग काय डॉक्टर, आम्हीच त्याला प्यायला देऊया काय?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, प्यायला देणं तुमचं काम नाही, थांबवणंही नाही. त्याला लवकरात लवकर डॉक्टरकडे पोचवणं तुमचं काम. ज्यानं अजून सोडली नाही त्याला सोडायची तारीख डॉक्टर देईल. ज्यानं सोडली आहे आणि थरथरतो आहे, त्याला आजच न्यायचं, शिफ्ट संपायची वाट बघायची नाही. फीट आलीच तर मशीन बंद करून कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, 108 ला फोन करायचा. आणि दवाखान्यात सलाईन लावताना तो रोज पिणारा होता हे न लाजता सांगायचं. कारण अशा माणसाच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नातेवाईक लाजेपोटी हेच लपवतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

“दारूड्याला काढून टाकलं की झालं” असं मागून कुणीतरी म्हणालं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येत दारूच्या अतिरेकामुळे होणाऱ्या अवस्थाही धरल्या आहेत आणि आजाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा रुग्णाला हक्क दिला आहे, हे मी मुद्दाम सांगितलं. माझा फेटलिंगवाला वॉर्डातून बरा होऊन गेला, त्याला त्या दिवसांतलं काहीच आठवत नव्हतं. पण त्या दिवसांपेक्षा मोठं दुखणं त्याला शॉपनं दिलं. शपथ मोडेल या भीतीनं त्यानं दुसऱ्याच दिवशी कंप लपवला होता, आणि परत आल्यावर सगळे त्याला ‘मुंगीवाला’ म्हणू लागले.

चहाच्या सुट्टीत प्रेस शॉपचा एक तरुण सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, आमच्यातल्या एकानं परवापासनं बंद केलंय. सकाळपासनं हात थरथरायलेत त्याचे, मी उपवासामुळं म्हणून समजलो.” त्याचा आवाज कापत होता. मी विचारलं, आत्ता कुठं आहे? “प्रेसवर, सर.” त्यानं तिथूनच फोन लावला. माझ्या सांगण्यावरून त्यानं एवढंच म्हटलं की त्याला मशीनवरून बाजूला घ्या, एकटा सोडू नका, मोटारसायकलवर बसवू नका, भावाला बोलावून गाडीनं पाठवा. “बाकीच्यांना काय सांगू?” असं त्यानं विचारलं. तब्येत बरी नाही, इतकंच, मी म्हटलं. ते खरंच होतं.

दुपारी मी त्याला तपासलं. कंप, घाम, नाडी 112, पण तारीख, वार, ठिकाण सगळं बरोबर सांगत होता. दाखल करून थायमिनची इंजेक्शनं आणि लोराझेपाम सुरू केलं. हे औषध कंपाकडे बघून ठरवायचं आणि साधारण पाच ते सात दिवसांत पायरीपायरीनं उतरवायचं असतं. चालू असेपर्यंत गुंगी राहते, म्हणून सर्टिफिकेटवर आजाराचं नाव न घालता मी लिहिलं: औषध बंद होईपर्यंत रजा, नंतर दोन आठवडे प्रेसवर आणि रात्रपाळीत काम नको. सुपरवायझरनं कागद वाचून विचारलं, “पॅकिंगला घेतलं तर चालेल का?” चालेल, म्हणालो, आणि दर मंगळवारी ओपीडीला यायला अर्ध्या दिवसाची सूट द्या. दारू पुन्हा घ्यायची ओढ पुढं कित्येक महिने असते, त्याचा उपचार आता कुठं सुरू व्हायचा होता.