न दाबता धरायचं

पावसाळ्यात भटकून आलेली पुतणी दुपारी दारात उभी. हातात कॅमेऱ्यासोबत मिळालेली किट लेन्स, पुढचं तोंड अठ्ठावन्न मिलिमीटरचं, आणि त्या तोंडावर घट्ट बसलेला, चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर. "काका, हा निघतच नाहीये. तू बघ ना, तुझ्या बोटांत जोर आहे."

जोर हीच तर अडचण. तिच्या ग्रुपमधल्या तीन धडधाकट मुलांनी आधीच पिळून पाहिलं होतं. फिल्टरची कडी म्हणजे ॲल्युमिनियमचं पातळ वळं. अंगठा आणि तर्जनीने दोन बाजूंनी आवळलं की ते गोल राहत नाही, किंचित लांबट होतं. मग जिथे बोटं नाहीत तिथली बाजू बाहेर फुगते आणि तिथले आटे लेन्सच्या आट्यांत रुततात. जितकं आवळाल तितका तो पक्का. त्यात दोन्हीकडे ॲल्युमिनियम असलं की आटे एकमेकांना चिकटायला बघतात. पितळी कडीचे फिल्टर महाग असतात, पण हा छळ त्यांत कमी.

आमच्या मामाचा गावात फोटो स्टुडिओ होता. सुट्टीत मी तिथे पडीक असायचो. डार्करूममध्ये मला सोडायचे नाहीत, म्हणून बाहेर बसून लेन्सा पुसायच्या. मामाच्या टेबलाच्या खणात सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे असत. ते पंक्चरसाठी नव्हेत, अडकलेल्या फिल्टरसाठी. तुकडा कडीभोवती गुंडाळायचा, पाचही बोटं चौफेर पसरून ठेवायची आणि नुसती फिरवायची. मी दात-ओठ खायला लागलो की मामा म्हणायचा, "दाबू नकोस रे, धर नुसतं." रबराला पकड आपसूक असते, त्यामुळे दाबावं लागत नाही आणि कडी गोलच राहते. मामी त्याच तुकड्यांनी लोणच्याच्या बरण्या उघडायची आणि तुकडे परत खणात ठेवायची नाही, यावरून त्यांची भांडणं व्हायची. सापडले तरी तुकड्यांना लोणच्याच्या तेलाचा वास. मामाला तेलाचं भारी वावडं होतं. फिल्टर सुटावा म्हणून कुणी आट्यांवर तेलाचा थेंब सोडला तर ते तेल सरकत सरकत आत काचेवर आणि उजेड कमी-जास्त करणाऱ्या डायफ्रॅमच्या पात्यांवर जातं, आणि मग फिल्टर निघतो पण लेन्स दुरुस्तीला जाते.

साधा फिल्टर असता तर आणखी एक सोपा उपाय होता. रबरी तळव्याची स्वच्छ चप्पल किंवा माउस पॅडची रबरी बाजू कडीच्या पुढच्या काठावर सपाट टेकवायची, हलका दाब द्यायचा आणि घड्याळाच्या उलट फिरवायचं. सगळ्या काठावर सारखी पकड बसते. पण पोलरायझरला दोन कड्या. पुढची मुळात फिरण्यासाठीच असते, ती गरगर फिरते आणि आपल्याला वाटतं, सुटला! खरं काय ते कळायला मी मागच्या कडीवर आणि लेन्सच्या काठावर समोरासमोर मार्करचे दोन ठिपके देतो. ठिपके एकमेकांपासून सरकले तरच आटे सुटले.

ही मागची कडी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद. रुंद रबर दोन्ही कड्यांवर चढलं की घात, म्हणून पट्टी बारीक कापली. पण त्या मुलांनी कडी इतकी आवळली होती की रबर घसरायला लागलं. तेव्हा फिल्टर रेंच काढला. प्लॅस्टिकचं अर्धवट उघडं वळं, त्याला दांडा. सहसा जोडीनेच मिळतात, कारण दोन फिल्टर एकमेकांत अडकले तर दोन लागतात, उलटसुलट फिरवायला. मागच्या कडीवर तो बसवला. या जुन्या लेन्सचं नाक फोकसबरोबर फिरतं, म्हणून आधी स्विच एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर केला, नाहीतर मोटरच्या दातऱ्यांवर जोर येतो. मग ते नाक फिरवून टोकाला नेलं, मागची नळी न धरता तेच हळू धरलं आणि दांडा हलकेच ढकलला. बारीक करकर झाली, वाळू असावी, आणि ठिपके सरकले. पुढचं काम बोटांचं. एका फेरीत पाऊण मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन फेऱ्यांत फिल्टर हातात.

लेन्स पडून कडीलाच पोचा आला असता तर मात्र मी हात लावला नसता. वाकलेले आटे पिळले की लेन्सचे आटेही जातात. "फ्रीजमध्ये ठेवून बघू का?" असं तिने मधेच विचारलं होतं. या हवेत बाहेर काढल्याबरोबर काचेवर दव धरलं असतं.

ब्रशने आटे झाडून तिने फिल्टर परत लावला. मी म्हटलं, टेकला की थांब. तिने टेकल्यावर सवयीने आणखी एक पीळ दिलाच. रेंच आता तिच्याच पिशवीत आहे. माझ्याकडे ट्यूब आहे.