गुडघ्याचं दुखणं आणि गोळीचं दुखणं

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला ट्रामाडॉलच्या ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिल्या होत्या, गरज पडली तर दिवसाला चारपर्यंत. व्यायामाच्या वेळी दुखू नये म्हणून मी चारही रोज वेळेवर घेत गेले. असे पाच आठवडे गेले. गुडघा बरा वाटायला लागला, तेव्हा एका सकाळी सगळ्याच बंद केल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जांभया सुरू झाल्या, एकीमागून एक. नाक गळू लागलं, घाम फुटला, अंगावर सारखा काटा येत होता. रात्री पाय एका जागी ठरेनात आणि गुडघाही ठणकायला लागला. आत जंतुसंसर्ग झाला की काय, या भीतीने पहाटे एक कॅप्सूल घेतली. तासाभरात सगळं निवळलं. म्हणजे दुखणं अजून गेलेलं नाही, असंच मी धरून चालले आणि पुन्हा चारवर आले.

डॉक्टरांनी आधी गुडघ्याची सूज आणि गरमपणा तपासला. मग म्हणाले, "ऑपरेशनचं दुखणं जागेवर असतं, चाललं की वाढतं. तुमचं सर्वांगात आहे आणि डोस चुकला की येतं." ट्रामाडॉलसारखं ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक औषध, मेंदूतली शरीराला सावध ठेवणारी यंत्रणा दाबून ठेवतं. काही आठवड्यांत मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. औषध एकदम काढलं की दाब जातो, पण जोर तसाच राहतो. जांभया, घाम, काटा हे सगळं त्यातून येतं, आणि वेदनाही जास्त जाणवते. "याला व्यसन म्हणत नाहीत," ते म्हणाले, "पण हा त्रास टाळायला गोळ्या घेत राहिलात, तर वाट तिकडेच जाते." व्यसन नाही, हे ऐकून मला रडूच आलं.

दर आठवड्याला एक कॅप्सूल कमी करायची ठरली. आधी दुपारची, रात्रीची सगळ्यात शेवटी. सोबत पॅरासिटामॉल. चारावरून तीनवर सहज आले. तीनवरून दोनवर येताना दोन रात्री झोप नव्हती. तेव्हा त्यांनी डोस न वाढवता तिथेच आणखी एक आठवडा थांबवलं. खरी कठीण पायरी शेवटची. चारातली एक गेली तर पाव भाग जातो, उरलेली एकच गेली तर सगळंच जातं. कॅप्सूल अर्धी करता येत नाही, म्हणून त्यांनी मधोमध रेघ असलेली साधी गोळी दिली आणि एक आठवडा अर्धीवर ठेवलं. (हळूहळू विरघळणारी गोळी मात्र कधीही तोडायची नाही, सगळं औषध एकदम अंगात उतरतं.)

बंद झाल्यावर चार दिवस थोडी बेचैनी राहिली, मग तीही गेली. उरलेल्या कॅप्सूल डॉक्टरांनी मोजून परत मागितल्या. शरीराची सवय आता मोडली होती. पुढे कधी दुखलं म्हणून मी जुन्या हिशेबाने चार घेतल्या असत्या, तर तेवढ्याही मला जड गेल्या असत्या.