दोन रेघा आणि एक फाटक

*तुम्ही विचारलंत म्हणून: "न्हावा शेवाला उतरलेला कंटेनर सोडवायची एवढी किचकट प्रोसेस नवीन मुलांना स्लाईडवर कशी समजावता?"*

पहिल्या स्लाईडवर मी दोनच आडव्या रेघा काढते. वरची डब्याची, म्हणजे कंटेनरची, खालची कागदाची. दोन्ही उजवीकडे एकाच फाटकाशी येतात. आयातदारांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या वाशीच्या आमच्या सीएचए ऑफिसात नुकत्याच लागलेल्या मुलाला आधी एवढंच कळू दे.

दुसरी स्लाईड म्हणजे पहिलीचीच कॉपी. डब्याच्या रेघेवर आता जहाज, टर्मिनल आणि सीएफएस, म्हणजे माल सुटेपर्यंत डबे ठेवायचं बंदराबाहेरचं यार्ड, येतात. फाटक सीएफएसचं, त्यापलीकडे गोडाऊन. तिसरीत कागदाचे थांबे येतात: आयातीचा कस्टम्सकडे भरायचा कागद म्हणजे बिल ऑफ एंट्री, ड्युटी किती ते ठरवणारं असेसमेंट, ड्युटी, तपासणी, आणि माल सोडल्याचा कस्टम्सचा हुकूम म्हणजे आऊट ऑफ चार्ज. तपासणीचा ठिपका तुटक काढते, कारण प्रत्येक मालाची तपासणी होत नाही. बिल ऑफ एंट्री मात्र जहाजाच्याही डावीकडे. ते साधारणपणे जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं, हे न सांगताच दिसतं.

जुनी गोष्ट जागची हलवायची नाही, फक्त फिकट करायची. नवीन तेवढी गडद. ॲनिमेशन मी वापरत नाही. फाईल पीडीएफ करून पाठवली की सगळे थर एकाच पानावर गोळा होतात आणि केलेली मेहनत वाया जाते.

चौथा थर मी मुद्दाम राखून ठेवते. आधी विचारते, ड्युटी भरली, आऊट ऑफ चार्ज मिळाला, डबाही सीएफएसमध्ये आहे, तरी गाडी बाहेर का सुटत नाही? मुलं चित्रात शोधतात आणि काहीच सापडत नाही. मग तिसरी रेघ येते, शिपिंग लाईनची, माल द्यायला हरकत नाही असं लाईननं लिहून द्यायच्या डिलिव्हरी ऑर्डरची, म्हणजे डीओची. कस्टम्सनं माल सोडला तरी लाईनचे पैसे चुकते झाल्याशिवाय डीओ निघत नाही. तोवर सीएफएसचं भाडं चढत राहतं, आणि मोफत दिवस संपले की लाईनचं डिटेन्शन, म्हणजे डबा अडकवून ठेवल्याचा आकार, वेगळं. ही रेघ पहिल्याच दिवशी दाखवली असती, तर बाकीच्या नावांत हरवली असती.

अपवाद शेवटी, वेगळ्या स्लाईडवर, कोपऱ्यात मूळ चित्र लहान करून. उदाहरणार्थ, फर्स्ट चेक नावाच्या पद्धतीत तपासणी असेसमेंटच्या आधी होते. तिथे फक्त ठिपका सरकवायचा.

थर बसला का, ते एका प्रश्नात कळतं: "ड्युटी भरली. डबा कुठे आहे?" मूल लगेच "सीएफएसमध्ये" म्हणालं, तर मी पहिल्या स्लाईडवर परत जाते. कारण ड्युटी आगाऊ भरली असेल, तर डबा अजून समुद्रातही असू शकतो.