केस जिंकलो, पण खर्च पूर्ण नाही मिळाला – माझा अनुभव

आमचं आर्बिट्रेशन, म्हणजे कोर्टाबाहेर लवादापुढे चाललेली केस, UNCITRAL या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या रूल्सखाली होतं. त्यात आर्टिकल 42 म्हणतं की खर्च साधारणपणे हरणाऱ्याने द्यायचा, आणि मी तेवढंच वाचून निर्धास्त होतो. त्याच्याच पुढचं वाक्य, की ट्रिब्युनलला, म्हणजे निकाल देणाऱ्या आर्बिट्रेटर्सना, योग्य वाटलं तर खर्च वाटून देता येतो, ते मी मनावरच घेतलं नाही.

आकडे सोपे करून सांगतो. आमचा क्लेम 100 होता, मिळाले 60. वकिलांचा खर्च 20 झाला, आणि आर्बिट्रेटर्सची फी वगैरे एकूण 12, त्यात दोघांनी 6-6 आधीच भरलेले, म्हणजे माझ्या खिशातून 26 गेले. ट्रिब्युनलने आधी वाजवी किती ते बघितलं, एकाच सुनावणीला तीन वकील कशाला म्हणून 20 चे 16 धरले. मला वाटलं आता 60 टक्केच देणार, पण त्यांनी 75 दिले, कारण सुनावणीचा बहुतेक वेळ करार मोडला की नाही यावरच गेला होता आणि तो मुद्दा आम्ही पूर्ण जिंकलो होतो. समोरच्याचा खर्चही याच 75 मध्ये हिशोबात धरला, वेगळी वजावट नाही. मग 16 चे 12, आणि फी वगैरेच्या 12 पैकी 9 समोरच्यावर, त्याने 6 भरलेत म्हणून मला 3. एकूण 15 परत. हे मला आजही न्याय्य वाटतं.

खरा फटका व्याजात बसला. आम्ही इन्व्हॉइसच्या तारखेपासून मागितलं होतं, पण करारात पैसे कधी द्यायचे ते लिहिलेलंच नव्हतं, म्हणून ट्रिब्युनलने सहा महिने नंतरच्या, लेखी मागणीच्या नोटिशीच्या तारखेपासून धरलं. 60 वर 8 टक्के सरळ व्याज, अवॉर्डपर्यंत, म्हणजे ट्रिब्युनलच्या निकालापर्यंत, दोन वर्षं, म्हणजे 9.6. ते सहा महिने धरले असते तर आणखी 2.4 आले असते.

आणि अवॉर्डनंतर समोरच्याने दहा महिने लावले. 60 वर त्या काळाचं 4 मिळालं, पण कॉस्टच्या 15 वर काहीच नाही, कारण आम्ही व्याज फक्त क्लेमच्या रकमेवर मागितलेलं! त्यावरचं 1 गेलं. मी वकिलांना म्हटलं, अॅडिशनल अवॉर्ड मागू, 30 दिवसांची मुदत आहे ना. त्या म्हणाल्या, "जे मागितलं आणि राहून गेलं त्यासाठी ते आहे, आपण मागितलंच नव्हतं." आर्टिकल 39 काढून बघितलं, तसंच होतं.

आता दुसऱ्या एका वादात आमचं क्लेम स्टेटमेंट बनतंय, तर मागण्यांमध्ये मी स्वतः बसून लिहून घेतलं: मूळ रक्कम आणि कॉस्ट दोन्हीवर, अवॉर्डच्या तारखेपासून प्रत्यक्ष पैसे हातात येईपर्यंत व्याज.