पाटीवरचा भाव कोण बदलणार?

"वेबसाइट करणारा म्हणतो, सीएमएस टाकून देतो, नाहीतर साधी पानं करून देतो, ती स्वस्त पडतील. हे सीएमएस म्हणजे नेमकं काय? आणि माझ्या भांड्यांच्या दुकानाला ते लागेल का?"

काका, आधी साध्या पानांचं सांगतो, कारण ती मी स्वतः केली आहेत आणि पस्तावलोही आहे. अशा साइटमध्ये प्रत्येक पान म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली एक तयार फाइल. पितळी डब्याची एक, तांब्याच्या कळशीची दुसरी. नाव, भाव, फोटो, रंग, तळाचा फोन नंबर, सगळं त्या एका फाइलमध्ये कालवलेलं. एका दुकानाची साठ पानांची साइट मी अशी केली होती. त्यांचा नंबर बदलला तेव्हा मी सगळ्या फायलींमध्ये जुना शोधून नवा घातला आणि मोकळा झालो. तीन पानांवर मात्र नंबरच्या मधे जागा सोडलेली होती, म्हणून तो शोधात सापडलाच नाही. दोन महिने गिऱ्हाईक त्या बंद नंबरवर फोन लावत होतं.

सीएमएस म्हणजे साइटवरचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्यात असं तयार पान ठेवलेलंच नसतं. तुमचा माल एका डेटाबेसमध्ये असतो, म्हणजे रकान्यांच्या वहीत. नावाचा रकाना वेगळा, भावाचा वेगळा, वजनाचा वेगळा. पान कसं दिसायचं, हे दुसरीकडे, थीममध्ये, ठरलेलं असतं. गिऱ्हाइकानं कळशीवर बोट ठेवलं की वहीतला माल थीमच्या साच्यात भरून पान त्याच क्षणी बनतं. २००३ पासून चालत आलेलं वर्डप्रेस हे यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं, आणि बहुतेक तुमचा माणूस तेच टाकणार. दुकानासाठी त्यावर वूकॉमर्स नावाचं प्लगिन, म्हणजे जादा सोय देणारा जोड, चढवतात.

आता पितळेचा दर चढला आणि २,४५० चा डबा २,६०० ला विकायचा झाला, असं धरू. लॉगिन करून Products मध्ये जायचं, डबा उघडायचा, `Regular price` च्या चौकटीत 2600 लिहायचं आणि Update दाबायचं. झालं. डब्याच्या पानावर, डब्यांच्या यादीत, शोधात, गिऱ्हाइकाच्या टोपलीत, सगळीकडे २,६००. कारण भाव मुळात एकाच जागी लिहिलेला आहे.

पण ही सोय तुम्ही रकाना पाळलात तरच. बहुतेक दुकानदार इथेच फसतात. वर्णनात हौसेनं लिहितात, 'फक्त २,४५० रुपयांत!' किंवा दिवाळीच्या बॅनरच्या फोटोवरच भाव छापून घेतात. मग रकान्यात २,६०० आणि फोटोत २,४५०, आणि गिऱ्हाईक फोटो दाखवून भांडतं. फोटोतली अक्षरं कुठलंही सीएमएस बदलू शकत नाही.

दुसरं, भाव बदलूनही जुनाच दिसला तर घाबरू नका. प्रत्येक वेळी पान नव्यानं बनवणं जड जातं, म्हणून बनलेलं पान काही वेळ जपून ठेवतात. त्याला कॅशे म्हणतात. ते पुसण्याचं बटण कुठे आहे, हे साइट ताब्यात घेतानाच विचारून ठेवा.

दुकानातल्या पोऱ्याला भाव बदलू द्यायचे असतील, तर त्याला तुमचा पासवर्ड देऊ नका. त्याला `Shop manager` म्हणून वेगळं खातं काढून द्या. माल आणि ऑर्डरी त्याच्या हातात राहतील, पण नवी थीम किंवा प्लगिन त्याला चढवता येणार नाही.

याची किंमतही आहे. वर्डप्रेस, थीम आणि प्लगिन वेळच्या वेळी अपडेट करावी लागतात. तुंबली की चोराला खिडकी उघडी. अपडेटच्या आधी बॅकअप हवा, आणि तो दोन्हींचा: डेटाबेसचा आणि `wp-content` फोल्डरचा. नुसता डेटाबेस परत आणलात तर भाव येतील, फोटो येणार नाहीत. नुसतं फोल्डर आणलंत तर याच्या उलट. हे सांभाळायला माणूस नसेल तर महिन्याच्या भाड्याची तयार ऑनलाइन दुकानं मिळतात. तिथं अपडेटची कटकट त्यांची, पण भाडं थांबलं की दुकानही बंद.

पत्ता, वेळ, फोन आणि दहा फोटो एवढंच टाकायचं असतं, तर मी म्हणालो असतो साधं पान करा. पण तुमचे भाव धातूच्या दराबरोबर हलतात, आणि साध्या पानात प्रत्येक वेळी त्या माणसाला फोन करावा लागेल. म्हणून सीएमएस घ्या. पैसे देण्यापूर्वी मात्र त्याला समोर बसवा आणि एका डब्याचा भाव तुमच्याच फोनवरून, तुमच्याच बोटानं बदलून बघा.