आमची वाटचाल: उन्हात उडालेला टोपाझ

पेढी दोघांनी सुरू केली. भागीदार पैलू पाडायच्या चाकावर बसायचा, जडाई आणि गिऱ्हाईक मी सांभाळायचो. सुरुवातीची वर्षं सुरळीत गेली, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लिहायचं आहे ते तपकिरी-सोनेरी टोपाझच्या एका लॉटबद्दल. त्या लॉटने दुकान बंद व्हायची वेळ आणली होती.

माल घेताना आम्ही सगळं तपासलं होतं. खड्यात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा १.६१ ते १.६२ आला, म्हणजे टोपाझच. दिसायला तसंच असणारं सिट्रीन असतं तर १.५४-१.५५ दिसलं असतं. भिंगाखाली खडे स्वच्छ होते. पुरवठादाराने ‘रंग नैसर्गिक’ असं लिहून दिलं होतं. काही महिन्यांत अंगठ्या परत येऊ लागल्या. खडा जवळजवळ पाण्यासारखा झालेला. शेजारच्या एका व्यावसायिकाने आम्ही रंगवलेली काच विकतो असं गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. आकडा दाखवायला मी यंत्र काउंटरवर आणून ठेवलं, पण त्यात डोकावून बघायला कोणी तयार नव्हतं. ती गोष्ट मला आजही डाचते.

आम्हाला वाचवलं ते आमच्या जुन्या गिऱ्हाईक काकूंनी. त्यांनी त्याच लॉटमधली अंगठी आणि कुड्या असा जोड घेतला होता. अंगठी रोज हातात, दिवसभर खिडकीशी बसून शिवणकाम. कुड्या डबीतच. त्या भांडायला आल्या नाहीत. दोन्ही समोर ठेवून म्हणाल्या, “एकाच दगडाचे ना हे? मग हा का उतरला?” अंगठी फिकट, कुड्या गडद. फरक फक्त उजेडाचा होता.

अशा टोपाझचा रंग किरणोत्सर्गाने आलेला असतो, जमिनीत किंवा प्रयोगशाळेत. किरणांनी इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकातल्या दोषांच्या जागी अडकतात. त्यातून तपकिरी छटा दिसते. काही खड्यांत ही अडकण इतकी कच्ची असते की ऊन लागलं की इलेक्ट्रॉन सुटून परत जातात आणि रंग उडतो. खडा नंतर कितीही दिवस अंधारात ठेवला तरी रंग परत येत नाही. टिकणारा तपकिरी आणि न टिकणारा तपकिरी कोणता, हे भिंग किंवा रिफ्रॅक्टोमीटर सांगत नाही. ऊन दाखवल्याशिवाय कळत नाही.

म्हणून तेव्हापासून प्रत्येक तपकिरी-पिवळ्या लॉटमधले एकसारखे दोन खडे आम्ही काढतो. एक काळ्या कागदात गुंडाळून कपाटात, दुसरा थेट उन्हात. काचेमागे नाही, कारण काच अतिनील किरण बरेचसे अडवते. काही आठवड्यांनी दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात बघायचे. जोड्याशिवाय बघू नका, डोळ्याला हळूहळू होणारा फरक लक्षात राहत नाही.

ॲमेथिस्टचं तसंच, पण बरंच सावकाश. त्याचा जांभळा रंग लोह आणि नैसर्गिक किरणोत्सर्ग यांतून येतो आणि रोजच्या वापरात टिकतो. मात्र शोकेसच्या कडक उन्हात वर्षानुवर्षं ठेवलेले काही खडे फिके पडतात. त्याचा खरा शत्रू उष्णता. चारशे-पाचशे अंशांच्या आसपास बहुतेक ॲमेथिस्ट जांभळेपण सोडतं आणि पिवळं-नारिंगी होतं. बाजारातलं बरंचसं सिट्रीन असंच भट्टीत तयार झालेलं असतं. त्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांचा, त्यामुळे उन्हाने ते उतरत नाही. म्हणूनच अंगठीचा साइझ बदलताना ज्योत लावण्याआधी खडा काढून घ्यायला कारागिराला सांगा. “ओला कापूस लावतो” यावर समाधान मानू नका.

विचारलं नाहीत तरी सांगतो: तिन्ही खडे घाला, बिनधास्त घाला, पण उन्हातलं काम असेल तेव्हा तपकिरी टोपाझ आणि ॲमेथिस्ट काढून डबीत ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नको. धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश; वाफ नको. टोपाझ एका पातळीत सरळ चिरतो, म्हणून अल्ट्रासॉनिक यंत्रात नको आणि गरम खड्यावर गार पाणीही नको.

काकूंच्या अंगठीत आम्ही स्वखर्चाने निळा टोपाझ बसवून दिला. तोही किरणोत्सर्ग केलेलाच, पण नंतर तापवलेला. त्या तापवण्यात कच्चा तपकिरी भाग निघून जातो आणि उरलेला निळा उन्हाला दाद देत नाही. अंगठी अजून त्यांच्या हातात आहे आणि खडा तेवढाच निळा आहे.