पेव आणि पूर: कोडची एक ओळही न लिहिता झालेले नऊ डाव

मागच्या खेळाला मी गोडो या गेम इंजिनमध्ये तीन आठवडे घातले होते. नकाशा झाला, बैलगाडी चालायला लागली, आणि चौथ्या आठवड्यात कळलं की खेळात ठरवण्यासारखं काहीच नाही. म्हणून या वेळी फासे, पत्ते आणि पेन्सिल एवढ्यावरच थांबायचं ठरवलं. नऊ चाचणी डाव झाले, त्यांची ही नोंद.

कल्पना अशी. तुम्ही सांगलीचे हळदीचे व्यापारी. माल जवळच्या हरिपूरच्या पेवात भरलेला आहे. पावसाळ्यात आवक नसते, त्यामुळे दर वाढत जातो, पण कृष्णाही चढत असते. माल किती दिवस ठेवायचा आणि कधी काढायचा, एवढाच खेळ. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असं कोठार. वर्षानुवर्षं हळद टिकायची त्यात. २००५च्या पुरात बरीच पेवं गेली.

पाण्यासाठी पट्टी आखली ती कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फुटांची. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना 'किती झालं?' एवढंच विचारतात, आणि ४० फुटांना इशारा, ४५ला धोका हे पोरासोरांना पाठ असतं. त्यामुळे नियम समजवायला वेळच लागला नाही. खेळात ४५ झाले की पेवं बुडाली. खऱ्या पेवात पाणी कधी शिरतं हा वेगळा प्रश्न, तो मी सोडून दिला.

सामान: ओळखीच्या छापखान्यातून व्हिजिटिंग कार्डांचे कोरे तुकडे, लुडोचे दोन फासे, शिसपेन्सिल, खोडरबर. पोत्यांच्या जागी हळकुंडाचे तुकडे. हळकुंडांनी पुढे घात केला, ते येईलच.

डाव १ ते ३

पहिला नियम अगदी साधा. पाणी १५ फुटांवर सुरू, खेळ आठ आठवड्यांचा, दर आठवड्याला एक फासा टाकायचा आणि पडेल तेवढे फूट पाणी वर.

पहिला डाव मजेत गेला. दुसऱ्यात बाबांनी (मार्केट यार्डात अडत दुकानावर पस्तीस वर्षं काढलेला माणूस) सहाव्या आठवड्याला सगळं विकलं आणि हात झाडून बसले. तिसऱ्या डावात आम्ही तिघांनीही सहाव्याच आठवड्याला विकलं. कुणी विचारसुद्धा केला नाही.

रात्री वहीत मांडून पाहिलं. १५वरून ४५ला जायला ३० फूट लागतात. सहा फाशांची बेरीज ३० किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात जेमतेम दोन. सातव्या आठवड्याअखेर ती साधारण तेरा होते, आठव्याअखेर चाळिशीच्या जवळ. म्हणजे सहापर्यंत बिनधास्त बसायचं आणि मग उठायचं. फासा दर वेळी काहीही पडू शकतो, पण अशा सहा-सात फाशांची बेरीज मधल्या पट्ट्यातच येऊन बसते. लहरीपणा हवा म्हणून फासा घेतला, आणि बेरजेनं त्याचं वेळापत्रक करून टाकलं.

बाबांची तक्रार वेगळीच होती. "आरं, कृष्णा काय नुसती चढतीच व्हय? उतरायचं नाव न्हाई?" खरं होतं. माझी नदी म्हणजे टाकीत सोडलेला नळ होता.

डाव ४ आणि ५

वेळापत्रक मोडायचं म्हणून नियम बदलला: सहा पडला की पुन्हा टाका आणि मिळवा, पुन्हा सहा पडला तर अजून. एक पडला तर पाणी चार फूट खाली. हा बदल डाव चालू असतानाच, कागदावर खोडून केला. मागच्या खेळात एवढ्यासाठी अख्खी संध्याकाळ गेली असती.

पाणी आता लहरी झालं खरं. पाचव्या डावात चौथ्या आठवड्याला लागोपाठ तीन सहा आणि मग चार पडले. बावीस फूट एका झटक्यात. पाणी तिशीत होतं ते पार पन्नाशीच्या वर गेलं आणि पुतणीची चारही पेवं बुडाली. ती चिडली नाही, पण तिनं जे विचारलं ते वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: "काका, मी काय करायला पाहिजे होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिनं काही चुकीचं केलंच नव्हतं. आधी ती ठरवत होती आणि मग फासा येऊन ते उडवून लावत होता. नशीब निर्णयाच्या नंतर येत होतं. तेच निर्णयाच्या आधी आलं, म्हणजे समोर पडलेलं वाईट पान बघून काय ते ठरवा म्हटलं, तर हरणाऱ्याला निदान आपण कुठे चुकलो ते दिसतं. ही गोष्ट मी वाचलेली होती. कळली त्या दिवशी.

डाव ६ आणि ७ (दोन्ही बाद)

मग वाटलं, सांगलीत पूर आंधळेपणानं येतच नाही. कोयना धरणातून किती सोडलं हे आधी कळतं, ते पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि मग इकडे येतं. मधल्या वेळात लोक सामान माडीवर चढवतात. खेळात हे हवं होतं, आणि ते फाशानं होत नाही, पत्त्यानं होतं. पत्ता उताणा ठेवता येतो आणि सरकवता येतो.

तीन चौकोन आखले: कोयनानगर, कराड, सांगली. दर आठवड्याला नवा पत्ता कोयनानगरला उताणा पडतो, आधीचे एकेक घर पुढे सरकतात, आणि सांगलीला पोचलेला पत्ता पट्टीवर लागू होतो. म्हणजे पत्ता दिसल्यापासून पाणी यायला दोन आठवडे. गठ्ठा अठरा पत्त्यांचा:

उणे ४ चे तीन, उणे २ चे तीन, शून्याचे दोन, अधिक ३ चे चार, अधिक ६ चे चार, अधिक १० चे दोन.

नदी आता उतरायलाही लागली. फाशात नसलेली आणखी एक गोष्ट आपोआप आली. फाशाला मागचं काही आठवत नाही, गठ्ठ्याला आठवतं. १०चे दोन्ही पत्ते येऊन गेले की उरलेल्या गठ्ठ्यात ते नाहीत, हे लक्षात ठेवणाऱ्याला त्याचं फळ मिळतं.

पण बाबा दोन्ही डाव सहज जिंकले. इतके सहज की मला शंका आली. गठ्ठ्यातला वरचा पत्ता यायच्या आधीच ते पेव उघडायचे. शेवटी हसत म्हणाले, "दहाच्या पानाला मागनं हळद लागलीया की."

हळकुंडं हाताळलेल्या बोटांनी पत्ते पिसले होते. एका १०च्या पाठीवर पिवळा अंगठा स्पष्ट होता. दोन्ही डाव रद्द. पत्ते नवे केले, प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घातले, आणि पोत्यांच्या जागी चिंचोके आले. पाठीवर खूण आहे का हे बघायची सोपी रीत: पिसलेला गठ्ठा पालथा पसरायचा आणि ज्यानं पत्ते बनवले नाहीत त्याला विचारायचं, यातला एखादा ओळखू येतो का.

डाव ८

स्वच्छ पत्त्यांनी खेळल्यावर दुसरी अडचण दिसली. सगळंच आधी दिसत असल्यामुळे आता उलट झालं. १० दिसला, काढा. ३ दिसला, बसा. तिघांचाही डाव फटाफट उरकला. पूर्ण आंधळं पाणी नको होतं, तसं पूर्ण उघडंही नको.

उपाय दोन ठिकाणांहून आले. पहिला बाबांनी दिला, नकळत. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आत हवा कोंडलेली असते. तोंड मोकळं ठेवून मग कंदील सोडून बघायचे, म्हणाले. त्यावरून नियम: या आठवड्यात पेव उघडायचं, माल पुढच्या आठवड्यात बाहेर. आणि एकदा उघडलेलं पेव परत बंद होत नाही, माल निघेल त्या आठवड्याच्या दरालाच विकावं लागतं.

दुसरा उपाय नकाशातच होता. वारणा हरिपूरलाच कृष्णेला मिळते, आणि तिचं पाणी माझ्या तीन चौकोनांत कुठेच नव्हतं. म्हणून फासा परत आणला, पण लहान करून. लुडोच्या फाशावर कागद चिकटवून आकडे लिहिले: ०, ०, १, १, २, ३. दर आठवड्याला पत्ता लागू झाला की वारणेचा फासा टाकून तेवढे फूट मिळवायचे. पत्त्यानं अंदाज द्यायचा, फाशानं तो थोडा हलवायचा.

डाव ९

यातला पाचवा आठवडा सविस्तर लिहितो, कारण इतक्या दिवसांत टेबलावर पहिल्यांदा शांतता झाली.

पाणी ३३ फूट. कराडला ३, कोयनानगरला ६. म्हणजे पत्त्यांनी दोन आठवड्यांत ४२ होणार हे नक्की. बुडायला अजून ३ फूट हवेत, आणि ते वारणेच्या दोन फाशांतून यायला हवेत. छत्तीस शक्यतांपैकी सोळांमध्ये ते येतात. दरम्यान दराचा पत्ताही उताणा होता: पुढच्या आठवड्यात तेवढाच, त्यानंतर चढा. आत्ता उघडलं तर माल सुखरूप पण आजच्या दरात. एक आठवडा थांबून उघडलं तर माल चढ्या दरात निघेल, पण निघेल त्याच आठवड्यात ६चा पत्ता लागणार.

पुतणीनं दोन पेवं उघडली, दोन ठेवली. बाबांनी चिंचोक्यावर बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं. मी घड्याळ लावलं होतं: दोन मिनिटं दहा सेकंद. तिसऱ्या डावात याच आठवड्याला त्यांनी विचार न करता पाळी पुढे दिली होती. शेवटी त्यांनी सगळी पेवं ठेवली. वारणेचा पहिला फासा १, दुसरा २. पाणी बरोबर ४५.

"च्यायला," एवढंच म्हणाले, आणि लगेच: "पोरीगत दोन काढायला पाहिजे हुती." पाचव्या डावातला प्रश्न या वेळी हरणाऱ्यानं स्वतःच सोडवला होता.

बाकी किरकोळ. दर आधी क्विंटलला रुपयांत खरे वाटतील असे लिहिले होते, त्यामुळे प्रत्येक विक्रीला कॅल्क्युलेटर निघायचा. आता पोत्याला ३ ते ९ नाणी. पाऊण तासाचा डाव अर्ध्या तासावर आला. चाचणीत मी बोलायचं नाही हा नियम स्वतःला घातलाय. कुणी अडलं की मदत न करता आठवडा आणि प्रश्न वहीत टिपतो. 'उघडलेल्या पेवातला माल नक्की कधी विकला जातो' हा प्रश्न खेळणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा विचारला, म्हणजे दोष नियमाच्या वाक्यात आहे.

कागदाची हद्दही दिसायला लागली आहे. सुरुवात १५ फुटांवर असावी की १७वर, हे नऊ डावांतून कळणार नाही. गठ्ठा आणि फासा मिळून आठ आठवड्यांत सरासरी २६ फूट चढतात, म्हणजे सरासरी शेवट ४१च्या आसपास, पण किती डावांत पाणी ४५ला लागतं हे मोजायला हजारो वेळा पत्ते पिसावे लागतील. त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लागेल, आणि ती लिहीन तेव्हा फक्त नदीची, खेळाची नाही.

त्याआधी एक गोष्ट कागदावरच सोडवायची आहे. सगळे एकाच आठवड्याला पेव उघडतात आणि सगळ्यांचा माल एकदम निघतो, हे पटत नाही. हमाल तेवढे नसतात. दर आठवड्याला टेबलावर हमालांच्या तीनच टोळ्या ठेवून बघतो, जो आधी बोलावेल त्याची टोळी. मित्राला विचारलं तर म्हणाला, "लगा, मग भांडणं हुत्यात." रविवारी चौघं बसणार आहोत, दहावा डाव त्याचाच.